प्रोफाइल ‘होल्डवर’ आहे असे रिक्रूटरने कळवल्यावर काय लिहावे आणि काय विचारावे

प्रश्न : “तिसरी म्हणजे शेवटची मुलाखत होऊन आठ दिवस झाले. काल रिक्रूटरचा मेसेज आला, ‘तुमची प्रोफाइल सध्या होल्डवर आहे, अपडेट आल्यावर कळवतो.’ याला काय उत्तर द्यायचे? माझे काम झाले नाही असे समजायचे का? दुसऱ्या एका कंपनीची ऑफर येण्याची शक्यता आहे, तिचे काय करू?”

उत्तर :

उत्तर आजच पाठवा, ते पाच-सहा वाक्यांचेच ठेवा आणि त्यात एक गोष्ट स्पष्टपणे विचारा : ही जागाच थांबवली गेली आहे, की जागा चालू आहे आणि फक्त माझ्याबाबतचा निर्णय बाकी आहे? तुमच्यासाठी या निरोपाचा अर्थ काय, हे जवळजवळ पूर्णपणे या एका गोष्टीवर ठरते. तिचे उत्तर मिळेपर्यंत ही नोकरी हातात नाही असे धरूनच पुढचे निर्णय घ्या. म्हणजे राजीनामा देऊ नका, इतर मुलाखती थांबवू नका आणि दुसऱ्या कंपनीला या जागेच्या भरवशावर नकार कळवू नका.

आता कारणे सांगतो. मी अनेक वर्षे भरतीचे काम करत आहे. सुरुवातीला एजन्सीकडून आणि नंतर कंपनीच्या स्वतःच्या भरती विभागातून. असे निरोप मी स्वतः पाठवले आहेत, त्यामुळे ते पाठवताना पलीकडे काय चाललेले असते हे मला जवळून माहीत आहे. उमेदवाराला एकच वाक्य दिसते, पण त्यामागे परस्परांशी संबंध नसलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या परिस्थिती असू शकतात.

पहिली परिस्थिती म्हणजे जागाच थांबणे. मुलाखती सुरू होतात तेव्हा त्या जागेला मंजुरी असते. परंतु ऑफर काढण्यापूर्वी बहुतेक कंपन्यांत ती मंजुरी पुन्हा एकदा वित्त विभागाकडून किंवा वरिष्ठांकडून घ्यावी लागते. मधल्या काळात तिमाहीचे आकडे अपेक्षेपेक्षा खाली येतात, एखाद्या ग्राहकाचा प्रकल्प पुढे ढकलला जातो, विभागांची फेररचना जाहीर होते किंवा ज्या व्यवस्थापकाच्या हाताखाली ही जागा होती तोच कंपनी सोडतो. अशा वेळी भरती गोठते. तुमची मुलाखत उत्तम झाली असली तरी तुम्हाला हाच निरोप येतो आणि इतर सर्व उमेदवारांनाही येतो. यात तुमच्या कामगिरीविषयी काहीही म्हटलेले नसते. मात्र ही जागा पुन्हा कधी उघडेल हे खुद्द रिक्रूटरलाही बहुधा ठाऊक नसते, आणि उघडली तरी ती वेगळ्या पदनामाने किंवा वेगळ्या वेतनश्रेणीत उघडण्याची शक्यता असते.

दुसरी परिस्थिती म्हणजे जागा चालू असून तुमची प्रोफाइल थांबवलेली असणे. यात पुन्हा दोन प्रकार येतात. कधी मुलाखत घेणाऱ्यांना तुम्ही योग्य वाटता, पण निर्णय घेण्यापूर्वी त्यांना आणखी दोन-तीन उमेदवार पाहायचे असतात. मुलाखतींच्या सुरुवातीच्या टप्प्यात असे जास्त होते. शेवटच्या फेरीनंतर मात्र अधिक वेळा दिसणारा प्रकार असा, की पसंतीक्रमात तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराशी ऑफरची बोलणी चालू आहेत आणि ती फिसकटली तर कंपनीला तुमची गरज लागणार आहे. तुमची शेवटची फेरी झालेली असल्यामुळे हा प्रकार मी थोडा सविस्तर सांगतो, कारण याचे वेळापत्रक एकदा समजले की कधी विचारावे आणि कधी थांबावे हे आपोआप कळते.

पहिल्या उमेदवाराला तोंडी ऑफर दिली जाते, मग पगारावर बोलणे होते, मग लेखी पत्र जाते आणि तो स्वीकार कळवतो. यात साधारणपणे एक ते दोन आठवडे जातात. पण काम तेवढ्यावर संपत नाही. तो उमेदवार आपल्या सध्याच्या नोकरीत राजीनामा देतो आणि नोटीस पीरियड पूर्ण करून रुजू होतो. हा काळ एका महिन्याचा असेल किंवा तीन महिन्यांचाही असेल. त्या दरम्यान त्याची कंपनी पगार वाढवून त्याला थांबवू शकते किंवा त्याच्या हातात आणखी चांगली ऑफर पडू शकते. म्हणून अनुभवी रिक्रूटर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पहिला उमेदवार प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत नकार कळवत नाही. याचा अर्थ असा, की अशा होल्डमध्ये तुमची बारी येण्याच्या दोन वेळा असतात : एक, पहिल्या एक-दोन आठवड्यांत, ऑफर नाकारली गेल्यास, आणि दुसरी, त्याच्या रुजू होण्याच्या तारखेच्या आसपास. या दोन्हींच्या मधल्या काळात सहसा काहीच हालचाल होत नाही, आणि त्या काळात दर चार दिवसांनी विचारपूस केल्याने ती होणारही नाही.

तिसरी शक्यताही स्पष्ट सांगायला हवी. काही वेळा हा निरोप म्हणजे सौम्य शब्दांत दिलेला नकार असतो. नकार कळवणे रिक्रूटरला अवघड वाटते, किंवा व्यवस्थापकाने कारण न देता ‘सध्या राहू द्या’ एवढेच म्हटलेले असते आणि तेच पुढे पोहोचवले जाते. हा प्रकार ओळखण्याची खूण पहिल्या निरोपात नसते. ती तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला आलेल्या उत्तरात असते. म्हणूनच प्रश्न कसा विचारला जातो याला महत्त्व आहे.

रिक्रूटर काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, याची कल्पना असेल तर प्रश्न नेमका होतो. दुसऱ्या कोणाला ऑफर दिली आहे का, तो कोण आहे, त्याला किती पगार देऊ केला, मुलाखत घेणाऱ्यांपैकी कोणाचे तुमच्याविषयी काय मत पडले, हे सांगण्याची त्याला बहुधा मुभा नसते. अशा प्रश्नावर तो पुन्हा तेच गोल वाक्य लिहील. परंतु जागा अजून मंजूर आणि खुली आहे का, पुढचा आढावा साधारण कधी होणार आहे, तुमच्याकडून आणखी काही माहिती हवी आहे का आणि तुम्ही पुन्हा कधी संपर्क साधावा, ही चारही उत्तरे तो कोणाचाही विश्वासभंग न करता देऊ शकतो. ‘माझे सिलेक्शन झाले नाही का?’ हा प्रश्न त्याला अडचणीत टाकतो. ‘जागा चालू आहे का?’ या प्रश्नाला तो उत्तर देतो, आणि त्या उत्तरातूनच पहिल्या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर तुम्हाला मिळते.

मी तुमच्या जागी असतो तर साधारण असे लिहिले असते :

“नमस्कार. सद्यःस्थिती कळवल्याबद्दल आभार. या पदावर काम करण्यात मला अजूनही रस आहे. माझ्या पुढील नियोजनासाठी एक विचारावेसे वाटते : ही जागाच सध्या थांबवण्यात आली आहे, की जागा चालू असून माझ्याबाबतचा निर्णय व्हायचा आहे? आपल्याला सांगता येण्याजोगे असेल तर पुढील आढावा साधारण कधी अपेक्षित आहे, हेही कृपया कळवावे. माझा नोटीस पीरियड साठ दिवसांचा आहे आणि सध्या माझी इतर ठिकाणीही बोलणी चालू आहेत, त्यामुळे माझ्या बाजूने काही बदल झाल्यास मी आपल्याला आधी कळवीन. माझ्याकडून अधिक माहिती किंवा आणखी एखादे संभाषण उपयोगी ठरणार असेल तर मी उपलब्ध आहे.”

यातील नोटीस पीरियडचा आकडा अर्थातच तुमचा घाला. इतर बोलणी चालू असल्याचे वाक्यही ती खरोखर चालू असतील तरच ठेवा. तुमच्या बाबतीत ती आहेत, म्हणून ते ठेवायला हरकत नाही. त्या वाक्याचा हेतू दडपण आणणे हा नाही. रिक्रूटरला व्यवस्थापकाकडे जाऊन ‘हा उमेदवार किती काळ उपलब्ध राहील’ हे सांगता यावे, यासाठी ते आहे. भरतीच्या साप्ताहिक बैठकीत दहा-बारा जागांचा आढावा झपाट्याने घेतला जातो, आणि तिथे ज्या उमेदवाराविषयी नवी, खरी आणि नेमकी माहिती आहे त्याचे नाव पुन्हा निघते. आपली योग्यता पटवून देणारे परिच्छेद, मुलाखतीतील एखाद्या उत्तराचे स्पष्टीकरण किंवा ‘मला ही नोकरी अतिशय गरजेची आहे’ असे वाक्य, यांपैकी काहीही या पत्रात नको. त्या गोष्टींवर निर्णय घेणारे लोक हे पत्र वाचत नसतात. रिक्रूटर ते वाचतो आणि फार तर त्यातले एक वाक्य पुढे सांगतो. ते एक वाक्य कोणते असावे हे तुम्ही ठरवायचे.

निरोप ज्या माध्यमातून आला त्याच माध्यमातून उत्तर द्या. मेसेज आला असेल तर मेसेजवर लिहा, आणि हवे असल्यास तोच मजकूर ईमेलनेही पाठवा, म्हणजे त्याची नोंद राहते. लगेच फोन मात्र करू नका. फोनवर रिक्रूटरकडे तयार उत्तर नसते आणि तो सुटका करून घेण्यासाठी काहीतरी आशादायक बोलून जातो. लेखी प्रश्नावर त्याला निदान व्यवस्थापकाला विचारून लिहायला सवड मिळते.

आता येणारे उत्तर कसे वाचायचे ते सांगतो. ‘या तिमाहीत नवीन भरतीला मंजुरी नाही, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आढावा आहे’ असे उत्तर आले, तर जागा थांबली आहे आणि कारण खरे असण्याची शक्यता मोठी आहे, कारण त्यात कारणही आहे आणि वेळही. ‘जागा चालू आहे, काही चर्चा पूर्ण व्हायच्या आहेत, महिनाअखेरीस स्पष्टता येईल’ असे उत्तर आले, तर बहुतेक तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात आणि पहिल्याची बोलणी चालू आहेत. ‘व्यवस्थापकांना आणखी काही प्रोफाइल पाहायच्या आहेत’ याचा अर्थ तुम्ही स्पर्धेत आहात, पण त्यांचे मन भरलेले नाही. आणि कारण, वेळ, पुढची पायरी यांपैकी काहीच न सांगता ‘कळवतो’ एवढेच पुन्हा आले किंवा काहीच आले नाही, तर मनातल्या मनात ते प्रकरण बंद धरावे. पुढे काही घडले तर चांगलेच.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘जाहिरात अजून संकेतस्थळावर दिसते आहे, मग जागा थांबली कशी?’ असे अनेक जण विचारतात. जाहिरात दिसत राहणे हा कशाचाच भक्कम पुरावा नाही. काही संकेतस्थळांवर जाहिराती ठरावीक मुदतीपर्यंत आपोआप चालू राहतात, काही कंपन्या त्या काढायला विसरतात, तर काही जण पुढे मंजुरी मिळेल या अपेक्षेने अर्ज गोळा करत राहतात. जाहिरातीतला मजकूर बदलला असेल, म्हणजे अनुभवाची अट वाढली किंवा कमी झाली असेल किंवा कामाच्या वर्णनात नवे मुद्दे आले असतील, तर मात्र लक्ष द्या. त्याचा अर्थ जागेची व्याख्याच बदलते आहे, आणि मग तुम्ही नव्या अटींत बसता का हे सरळ विचारणे योग्य ठरते.

वरच्या दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण सांगतो, कारण त्यात मी स्वतः पलीकडच्या बाजूला होतो. लेखा विभागातील एका वरिष्ठ पदासाठी शेवटच्या फेरीनंतर दोन उमेदवार उरले. दोघेही पसंत होते, पण एकाला कंपनीत वापरल्या जाणाऱ्या संगणकीय प्रणालीचा अनुभव असल्यामुळे व्यवस्थापकाने त्याला पहिले ठेवले. दुसऱ्या उमेदवार बाईंना मी प्रोफाइल होल्डवर असल्याचे कळवले. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ते जवळपास वर दिलेल्या मसुद्यासारखेच होते. जागा चालू आहे का आणि त्यांनी पुन्हा कधी विचारावे, एवढेच त्यांनी विचारले होते. मी लिहिले, की जागा चालू आहे, निर्णयप्रक्रिया पूर्ण व्हायला तीन आठवडे लागतील आणि त्यानंतर त्यांनी अवश्य विचारावे. पहिल्या उमेदवाराविषयी मी एक शब्दही लिहिला नाही, पण समजायचे ते त्या समजल्या असाव्यात.

तीन आठवड्यांनी त्यांचा दोन ओळींचा ईमेल आला. तोपर्यंत पहिल्याने ऑफर स्वीकारली होती आणि तो राजीनामा देऊन मोकळा झाला होता. मी त्यांना प्रामाणिकपणे कळवले, की सध्या पुढे जाता येत नाही. मात्र पुढच्या दोन महिन्यांत परिस्थिती बदलली तर त्यांच्याशीच पहिला संपर्क होईल. इथे अनेक उमेदवार एक तर नाराजी व्यक्त करतात किंवा पूर्ण गप्प बसतात. त्यांनी उत्तरात एक नवी माहिती दिली : त्यांच्या कंपनीने नोटीस पीरियड साठावरून तीस दिवसांवर आणण्याची तयारी दाखवली होती. ही माहिती मी त्यांच्या नावापुढे भरतीच्या प्रणालीत नोंदवून ठेवली.

पहिल्या उमेदवाराच्या कंपनीने त्याला पदोन्नती देऊन थांबवले आणि रुजू होण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी त्याने माघार घेतली. व्यवस्थापकाचा पहिला प्रश्न होता, ‘आता सर्वांत लवकर कोण येऊ शकेल?’ माझ्याकडे उत्तर तयार होते. त्या बाईंना त्याच दिवशी फोन गेला आणि नवी मुलाखत न घेता चार दिवसांत पत्र दिले गेले. त्यांनी मधल्या काळात आपला शोध थांबवला नव्हता, हेही इथे नोंदवायला हवे. आणखी एक आठवडा उशीर झाला असता तर त्यांनी दुसरीकडची ऑफर स्वीकारली असती. आणि हेही तितकेच खरे, की बहुतेक वेळा पहिला उमेदवार रुजू होतोच. तेव्हा या उदाहरणावरून शेवट असाच होईल असे धरू नका. पाहण्यासारखे एवढेच, की अडीच महिन्यांत त्यांच्याकडून मोजकीच पत्रे आली, त्या प्रत्येकात माझ्या उपयोगाचे काहीतरी होते आणि ती सांगितलेल्या वेळीच आली.

किती वेळा आणि कधी विचारावे, हे यातूनच निघते. रिक्रूटरने तारीख दिली असेल तर त्या तारखेनंतर दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्या आणि मग एकदा लिहा. तारीख दिली नसेल तर पहिल्या उत्तरानंतर दोन आठवड्यांनी एकदा, आणि तेव्हाही काही ठोस कळले नाही तर पाच-सहा आठवड्यांनी शेवटचे. त्यानंतर केवळ विचारपूस म्हणून लिहू नका. तुमच्याकडे कळवण्यासारखे काही नवे असेल तरच लिहा. रिक्रूटर उत्तर देत नाही म्हणून थेट व्यवस्थापकाला गाठावे का, असाही प्रश्न येतो. मुलाखतीत व्यवस्थापकाने स्वतः ‘काही लागले तर मला लिहा’ असे सांगितले असेल तर एक सौजन्याचे पत्र चालेल. अन्यथा ते टाळावे, कारण व्यवस्थापक ते पत्र बहुधा रिक्रूटरकडेच पाठवतो आणि तुमची बाजू मांडणारा एकमेव माणूस दुखावला जातो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही. सर्वांत महत्त्वाची म्हणजे हा रिक्रूटर कंपनीचा आहे की एजन्सीचा. एजन्सीचा असेल तर त्याला स्वतःलाही कंपनीकडून ‘होल्ड’ एवढेच कळलेले असते आणि जागा थांबली की निर्णय थांबला हे त्यालाही पुढे विचारावे लागते. अशा वेळी तुमच्या पत्रात ‘कंपनीकडून हे विचारून कळवाल का?’ अशी स्पष्ट विनंती घाला आणि उत्तरासाठी आठवडाभर द्या. मात्र उत्तर मिळत नाही म्हणून त्याच जागेसाठी दुसऱ्या एजन्सीमार्फत किंवा थेट कंपनीकडे पुन्हा अर्ज करू नका. ज्या एजन्सीने तुमचे नाव आधी पाठवले तिचा त्या नावावर करारानुसार काही महिने हक्क राहतो. हा काळ कंपनीगणिक वेगळा असतो, पण सहा महिने किंवा वर्षभराचा असणे नवलाचे नाही. एकच नाव दोन मार्गांनी आले की शुल्क कोणाला द्यायचे असा वाद उभा राहतो, आणि वाद नको म्हणून कंपनी तो उमेदवारच बाजूला ठेवते. केवळ या कारणाने चांगले उमेदवार मागे पडलेले मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट पगाराच्या अपेक्षेची. शेवटच्या फेरीत पगाराचा विषय निघून तिथे समोरची व्यक्ती थोडी थबकली होती का, हे आठवून पाहा. तसे झाले असेल तर निर्णय केवळ आकड्यावर अडलेला असू शकतो. तरीही पहिल्याच उत्तरात आपणहून अपेक्षा कमी करू नका, कारण अडचण दुसरीच असेल तर तुम्ही विनाकारण खाली आलेले असाल आणि ते पुन्हा वर नेता येत नाही. त्याऐवजी ‘पगार किंवा पदश्रेणीबाबत काही प्रश्न असेल तर त्यावर बोलायला मी तयार आहे’ एवढेच लिहा. खरी अडचण तीच असेल तर रिक्रूटर लगेच फोन करतो.

आता दुसऱ्या कंपनीकडे वळू. तिथली ऑफर अजून आलेली नाही, त्यामुळे आज पाठवायच्या पत्रात ‘माझ्याकडे ऑफर आहे’ असे लिहू नका. रिक्रूटर पुढच्याच वाक्यात मुदत विचारतो आणि तिथे अडखळणारा उमेदवार लगेच लक्षात येतो. शिवाय जागा खरोखर थांबलेली असेल तर तुमच्या ऑफरने मंजुरी येत नाही. तुम्हाला शुभेच्छा देऊन ते मोकळे होतात. लेखी ऑफर प्रत्यक्ष हातात आली, की मात्र त्याच दिवशी पहिल्या रिक्रूटरला कळवा : “मला दुसरीकडून लेखी ऑफर मिळाली असून अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे. आपल्याकडील पदाला माझे प्राधान्य आहे. त्या तारखेपूर्वी निर्णय होण्याची शक्यता आहे का, एवढे कळवावे. नसल्यास मी तसा विचार करीन.” प्राधान्याचे वाक्य खरे असेल तरच लिहा. दुसऱ्या कंपनीचे नाव किंवा पगाराचा आकडा सांगण्याची गरज नाही. तारीख खरी द्या, एखादा दिवसही पुढे-मागे करू नका, कारण कंपनीने त्या तारखेच्या आत खरोखर धावपळ केली आणि तुम्ही नंतरही दोन दिवस मागितले तर तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

ही ऑफर म्हणजे तुमच्या होल्डची खरी कसोटी असते. जागा चालू असेल आणि तुम्ही खरोखर पसंत असाल तर दोन-तीन दिवसांत हालचाल दिसते : फोन येतो, व्यवस्थापक बोलू इच्छितात, निदान मुदत वाढवून घेता येईल का अशी विचारणा होते. ‘प्रयत्न करतो’ एवढेच उत्तर आले आणि तारीख जवळ येत गेली, तर हातातली ऑफर स्वीकारण्याच्या योग्यतेची असल्यास ती स्वीकारा. त्याआधी दुसऱ्या कंपनीकडून तीन ते पाच कामाच्या दिवसांची मुदत मागून घ्यायला हरकत नाही. पत्र नीट वाचून घरी चर्चा करायची आहे, हे कारण पुरेसे असते आणि बहुतेक ठिकाणी तेवढा वेळ मिळतो. दुसरीकडे होल्डवर आहोत, हे तिथे सांगण्याचे कारण नाही.

समजा ती ऑफर तुम्ही स्वीकारली आणि महिन्याभराने इथला होल्ड उठून फोन आला, तर काय करायचे हे आत्ताच मनाशी ठरवून ठेवा, कारण फोनवर ते ठरवणे कठीण जाते. स्वीकार लेखी दिलेला असताना माघार घेणे अशक्य नसते, परंतु तुमच्या पत्रातील अटी आधी वाचाव्या लागतात, आणि ज्या कंपनीने तुमच्या शब्दावर इतर उमेदवारांना नकार कळवले तिच्याकडे पुन्हा अर्ज करण्याची वाट बहुधा बंद होते. माघार घ्यायचे ठरलेच तर इथले लेखी पत्र हातात पडल्याशिवाय आणि त्यावरील पद, पगार व रुजू होण्याची तारीख तपासल्याशिवाय तिकडे काहीही कळवू नका. ज्या जागेची मंजुरी एकदा थांबली होती ती दुसऱ्यांदाही थांबू शकते. आणि न जाण्याचे ठरवले तर रिक्रूटरला त्याच दिवशी स्पष्ट कळवा, म्हणजे तुमच्यासाठी थांबवलेली जागा त्याला पुढच्या उमेदवाराला देता येईल.